चार गाळण्यांवरचा रिपोर्ट

समता कॉलोनीतल्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये फ्रिज एकच होता. वरच्या कप्प्यात तपासणीची रसायनं, मधल्या कप्प्यात लघवीच्या बाटल्या आणि दारात मालक डॉक्टर चौबे यांच्या लस्सीचा ग्लास. श्यामकांत बोंद्रे रोज सकाळी फ्रिज उघडायचे, तो ग्लास पाहायचे आणि तोंड वाकडं करून दार लावायचे. दोनदा बोलून पाहिलं होतं. चौबे हसून म्हणाले होते, "बोंद्रेजी, आप बहुत नाज़ुक हैं."

तीस वर्षं माणसाच्या शरीराचे तुकडे कापण्यात घालवलेल्या माणसाला कोणी नाजूक म्हणावं, याचं आम्हा शेजाऱ्यांना हसू यायचं. बोंद्रे आमच्या रायपूरच्या तात्यापारा या मराठी वस्तीतले. नागपूरकर भोसल्यांच्या काळात आलेलं घराणं. आता घरात ते आणि बायको सत्यभामा, दोघंच. तरुणपणी ते नागपूरला एका मोठ्या लॅबमध्ये होते. तिथल्या सरोजिनी मॅडमनी त्यांना किडनीच्या बायोप्सीचं काम शिकवलं. छत्तीसगड राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली, नवीन दवाखाने निघाले, तेव्हा ते परत आले. घरचं गाव आणि घरचं जेवण, एवढाच हिशेब होता.

त्यांचं काम असं. सुईनं काढलेला किडनीचा तुकडा शेवईएवढा बारीक असतो, दीड-दोन सेंटीमीटर लांब. तो फॉर्मॅलिनमध्ये येतो. त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवायचा, त्या मेणाच्या ठोकळ्याला ब्लॉक म्हणतात. मग मशीनवर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. पुढं डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रिपोर्ट लिहितात. बोंद्र्यांना रिपोर्ट लिहायचा अधिकार नव्हता. पण तीस वर्षं काचा रंगवणाऱ्याला काचेत काय आहे ते दिसतंच.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत एक तुकडा आला. सोबतच्या फॉर्मवर नाव होतं मंजिरी ढोमणे, वय चोवीस, राहणार बीरगांव. ल्युपसचा आजार. या आजारात शरीराची रोगाशी लढणारी शक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते, आणि पुष्कळदा किडनीवर. लघवीत प्रथिनं भरपूर, किडनीच्या नळ्यांत गोठलेल्या रक्तपेशींचे साचे, आणि किडनी किती गाळते ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन एक पूर्णांक सहा. चोवीस वर्षांच्या सडपातळ पोरीला हे जास्तच. खाली किडनीच्या डॉक्टर राधिका मिश्रा यांनी हातानं लिहिलं होतं, 'क्लास कौन सा है, कृपया स्पष्ट लिखें.' ल्युपसनं किडनी कशी आणि किती बिघडली त्याचे एक ते सहा क्लास असतात, आणि इलाज त्यावरच ठरतो.

त्या दिवशी एका मंत्र्याच्या नातेवाइकाचा तुकडाही आला होता आणि चौबे दर दहा मिनिटांनी आत डोकावत होते. "जल्दी, बोंद्रेजी, जल्दी." बोंद्र्यांनी मंजिरीचा तुकडा मेणात बसवला आणि चिमटा बाजूला ठेवला. नेहमी ते तुकडा चिमट्यानं दाबून सपाट बसलाय का ते पाहत. त्या दिवशी पाहिलं नाही.

काप निघाले, रंगले. काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर सगळा किडनीचा आतला भाग, नुसत्या नळ्या. ज्यांच्यावर सगळं ठरतं त्या रक्ताच्या बारीक गाळण्या, म्हणजे ग्लोमेरुलस, फक्त चार. सरोजिनी मॅडम म्हणायच्या, दहाच्या खाली असतील तर तोंड उघडायचं नाही, कारण हा आजार किडनीत सारखा पसरत नाही. एक गाळणी साफ असते आणि तिच्या शेजारची जळत असते.

बोंद्रे काच घेऊन चौब्यांकडे गेले. "सर, चारच आहेत. मी ब्लॉक अजून खोल कापतो. खाली बाहेरचा भाग असू शकतो."

चौब्यांनी एक डोळा लावून मिनिटभर पाहिलं. "थोड़ी मेसँजियल सेल बढ़ी हैं. क्लास टू."

"पण सर, क्लास दोनमध्ये एवढं क्रिएटिनिन..."

"डॉक्टर मैं हूँ कि आप?"

कॉम्प्युटरवर जुना एक रिपोर्ट उघडला गेला, त्यातलं नाव आणि वय बदललं, आणि चार गाळण्यांचा आकडा लिहायच्या जागी 'पुरेसा नमुना' हे जुन्या रिपोर्टमधलेच शब्द तसेच राहिले. छापून सही होईपर्यंत लस्सीचा ग्लास रिकामा झाला होता.

बोंद्रे त्या दिवशी घरी जेवले नाहीत. सत्यभामाबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. मले माझीच शिसारी येऊन राहिली."

शिसारीचं कारण जुनं होतं. दोन वर्षांपूर्वी रायपूरच्याच गुढियारीतल्या एका बाईचा असाच रिपोर्ट निघाला होता, पाच गाळण्यांवर क्लास दोन. तेव्हाही बोंद्रे गप्प बसले होते. सव्वा वर्षानं त्याच बाईचा दुसरा तुकडा आला. या वेळी गाळण्या पंधरा होत्या, आणि पंधरापैकी चौदा मेलेल्या, दगडासारख्या गोल पांढऱ्या. तो क्लास सहा. तिथं कोणतंही औषध किडनीला परत आणत नाही, डायलिसिसची तयारी करायची एवढंच उरतं. ती काच रंगवताना बोंद्र्यांच्या हातून बेसिनमध्ये पडली होती आणि त्यांनी दुसरी रंगवली होती. बोलले कोणाशीच नव्हते.

तरीही मंजिरीच्या रिपोर्टवर ते पुन्हा गप्पच राहिले. नोकरी होती, वय बावन्न होतं, आणि चौब्यांचा स्वभाव ठाऊक होता. ही कारणं त्यांनी नंतर मला स्वतः सांगितली, आणि सांगताना कचरा उचलून दाखवावा तसं तोंड केलं.

रिपोर्टप्रमाणं इलाज सुरू झाला. क्लास एक-दोनला जड औषधं लागत नाहीत, म्हणून ल्युपसची रोजची गोळी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, प्रथिनं गळणं कमी करणारी रक्तदाबाची गोळी आणि स्टेरॉइडचा लहान डोस. मंजिरी नव्या राजधानीच्या एका सरकारी कार्यालयात डेटा एन्ट्रीचं काम करायची. आठ दिवसांत तिच्या चपला पायात बसेनात. पंधरा दिवसांत लघवीला साबणासारखा फेस आला. तिसऱ्या आठवड्यात डोळे सुजून मिटले, रक्तदाब एकशे ऐंशीवर गेला आणि क्रिएटिनिन दोन पूर्णांक सात.

तेव्हा तिचे वडील मारोतराव लॅबमध्ये आले. रायपूरजवळच्या उरल्यातल्या एका कारखान्यात फिटर, मूळचे वर्ध्याकडचे. हाताच्या रेषांत ग्रीस मुरलेलं. त्यांच्याकडे डॉक्टर राधिकांची चिठ्ठी होती. ब्लॉक आणि सगळ्या काचा द्याव्यात, दुसरं मत घ्यायचं आहे.

चौब्यांनी चिठ्ठी वाचून टेबलावर टाकली. "ब्लॉक नहीं मिल रहा."

"नाही मिळत म्हणजे, साहेब?" मारोतराव म्हणाले. "पोरीच्या किडनीचा तुकडा हाय तो."

"फिर से बायोप्सी करा लो. रिपोर्ट तो दे दिया ना?"

"डॉक्टरीण बाई म्हणते आता सुई घालता येत नाही. बीपी एवढं वाढलं का सुई लावली तर रक्त थांबणार नाही. तोच तुकडा पायजे म्हणते."

"तो मैं क्या करूँ?" चौब्यांनी फोन उचलला आणि बोलायला लागले. मारोतराव उभेच राहिले. हात जोडलेले, कारण काय करावं ते कळत नव्हतं.

हे सगळं बोंद्रे काचेच्या भिंतीपलीकडून पाहत होते. ब्लॉक त्यांच्या हाताखालच्या खणात होता. चौब्यांनाही ते माहीत होतं. एकदा त्यांनी नजर वर करून बोंद्र्यांकडे पाहिलं, डोळ्यानंच गप्प बसायला सांगितलं, आणि फोनवर हसले. बोंद्र्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. ते बेसिनवर जाऊन तोंड धुऊन आले. मग मागच्या दारानं बाहेर गेले आणि मारोतरावांना रस्त्यावर गाठलं.

"ब्लॉक हाय माझ्याजवळ," ते म्हणाले. "उद्या दुपारी दोन वाजता या. चौबे साहेब तेव्हा जेवायले घरी जातात."

मारोतरावांनी विचारलं, "मंग आत काहून नाही सांगितलं, भैया?"

बोंद्रे मागच्या दारानं परत आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ब्लॉक उजेडात धरला आणि त्यांना कळलं. तुकडा मेणात तिरपा बसला होता. एक टोक वर, एक खोल. बाहेरचा, गाळण्यांचा भाग खाली राहिला होता, आणि वरचे काप घेतले तेव्हा पातं तिथवर पोचलंच नव्हतं. चौब्यांनी खोटं लिहिलं होतं, पण तुकडा तिरपा बसवणारा हात त्यांचा स्वतःचा होता.

त्यांनी ब्लॉक सरळ करून मशीनवर चढवला. वरचे काप टाकायचे नाहीत, एकेक जपायचा. चाळिसाव्या कापाला पहिली नवी गाळणी दिसली. सत्तराव्याला पाच. त्यांनी मधले काप कोरे ठेवले, काही गुलाबी रंगात, काही चांदीच्या रंगात काढले आणि पहिली काच सूक्ष्मदर्शकाखाली घातली.

मॅडमनी शिकवलेलं सगळं एका काचेत होतं. गाळण्यांत पेशी एवढ्या दाटल्या होत्या की रक्त जायला वाट नव्हती. भिंती तारेच्या वेटोळ्यासारख्या जाड. तीन गाळण्यांना पेशींची चंद्रकोर बाहेरून आवळून बसलेली. हे तीन आठवड्यांपूर्वीही इथंच होतं, पाव मिलिमीटरवर. बोंद्रे सांगतात, आपण जेवत असलेल्या ताटाखाली काहीतरी कुजत होतं हे कळावं, तसं त्यांना वाटलं.

दोन वाजता मारोतराव आले. बोंद्र्यांनी ब्लॉक, जुन्या काचा, नव्या काचा, सगळं खोक्यात कापसात बांधून दिलं आणि वर नागपूरचा पत्ता लिहिला. "सरोजिनी मॅडम. आता रिटायर झाल्या, पण घरी काचा पाहतात. तुमच्या डॉक्टरीण बाईले सांगा, मी पाठवलं."

ते बांधत असताना चौबे परत आले. त्या दिवशी लवकर.

"ये क्या हो रहा है?"

"ब्लॉक सापडला, सर," बोंद्रे म्हणाले.

चौब्यांनी खोक्यावर हात ठेवला. मारोतरावांनीही ठेवला. तो ग्रीसचा काळा हात खोक्यावरून हलला नाही. चौबे बोंद्र्यांकडे वळले आणि सावकाश म्हणाले, "आपकी किडनी है क्या, बोंद्रेजी? किसके लिए कर रहे हो?"

"सर, तुमचा फ्रिज पहिले साफ करा," बोंद्रे म्हणाले. त्यांना याहून चांगलं काही सुचलं नाही. एप्रन खुर्चीवर टाकून ते मारोतरावांच्या मागोमाग बाहेर पडले. पुन्हा आत गेले नाहीत.

मारोतराव त्याच संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला गेले आणि चौथ्या दिवशी रिपोर्ट घेऊन परत आले. डॉक्टर राधिकांच्या खोलीत बोंद्र्यांनाही बोलावलं होतं. मंजिरी पलंगावर बसली होती. चेहरा इतका सुजलेला की वय सांगता येत नव्हतं.

डॉक्टर राधिकांनी रिपोर्ट तिच्याकडे वळवून धरला. त्या हिंदी-मराठी मिसळून बोलायच्या. एकूण सोळा गाळण्या, त्यांपैकी अकरा आजारी. निम्म्याहून कमी असत्या तर क्लास तीन म्हटलं असतं. निम्म्याहून जास्त, म्हणून क्लास चार. मॅडमनी खाली प्रामाणिकपणे लिहिलं होतं की सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्येच आल्यामुळं चमकणाऱ्या रंगाची वेगळी तपासणी करता आली नाही, आणि चांदीच्या रंगात क्लास पाचची खूण दिसली नाही.

"तो ये अच्छा है या बुरा?" मंजिरीनं विचारलं.

"आजार जोरात आहे, हे वाईट," डॉक्टर म्हणाल्या. "पण हे बघ. चालू आजाराचे गुण चोवीसपैकी तेरा, आणि कायमच्या जखमांचे बारापैकी दोन. म्हणजे जळतंय पुष्कळ, राख थोडी आहे. राख असती तर मी तुला हे औषध दिलंच नसतं, नुसता त्रास झाला असता. जळतंय ते विझवता येतं."

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड तर दोन्हीत. त्यानंतर एक तर मायकोफेनोलेटच्या गोळ्या, रोज दोनदा, महिनोन् महिने. नाही तर सायक्लोफॉस्फामाइडची कमी मात्रेची इंजेक्शनं, दर पंधरा दिवसांनी एक, एकूण सहा.

मारोतराव मान खाली घालून म्हणाले, "बाई, पोरीचं लग्न..." दवाखान्याच्या दारात त्यांच्या वहिनीनं सकाळीच म्हटलं होतं, असल्या पोट्टीले कोण करते. त्यांना ते आठवत होतं.

डॉक्टर मंजिरीकडेच बघून बोलल्या. जुन्या पद्धतीच्या मोठ्या डोसांनी अंडाशयाला इजा व्हायची, पण या सहा छोट्या डोसांत तो धोका बराच कमी आहे. गोळ्या घेताना दिवस राहता कामा नयेत, गर्भाला अपाय होतो. मूल हवं असेल तर आजार आधी शांत करून औषध बदलावं लागेल. "दोन्ही सारखीच काम करतात. तू ठरव."

मंजिरी म्हणाली, "इंजेक्शन. गोली मैं भूल जाती हूँ. हायड्रॉक्सी वाली भी तीन बार भूली."

"ती गोळी भूलू नको," डॉक्टर म्हणाल्या. "ती आयुष्यभर."

बोंद्रे तेव्हा कोपऱ्यात उभे होते. मारोतरावांनी लेकीला सांगितलं, "हे भैया. यांच्यामुळं ब्लॉक भेटला."

आता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. पण बोंद्र्यांना ते कौतुक अंगावर सांडलेल्या घाणीसारखं वाटलं. त्यांनी सगळं सांगितलं. तुकडा तिरपा आपणच बसवला. चार गाळण्या आहेत हे त्याच दिवशी माहीत होतं. रिपोर्ट खोटा आहे हे माहीत होतं. ब्लॉक खणात होता.

मंजिरीनं सुजलेल्या पापण्या वर केल्या. "तीन हफ्ते आप चुप थे, अंकल?"

"हव," बोंद्रे म्हणाले.

ती तोंड फिरवून भिंतीकडे पाहायला लागली. मारोतराव खोलीबाहेर गेले, आणि बाहेरून थुंकल्याचा आवाज आला. कोणावर, ते कोणी विचारलं नाही.

सहा इंजेक्शनं झाली. दोनदा उलट्यांनी हैराण होऊन मंजिरी रात्रभर आईच्या मांडीवर पडली, एकदा पांढऱ्या पेशी उतरल्या म्हणून डोस आठवडाभर पुढं ढकलला. केस थोडे गळाले, चेहरा स्टेरॉइडनं गोल झाला. पण सूज गेली. पुढं आजार दाबून ठेवणारं अझाथायोप्रिन सुरू झालं. वर्षअखेरीला लघवीतली प्रथिनं दिवसाला अर्ध्या ग्रॅमखाली आली आणि ती कामावर परत गेली.

क्रिएटिनिन मात्र एक पूर्णांक तीनवर अडकलं. आजारापूर्वी ते आठ दशांश होतं. बोंद्र्यांनी डॉक्टर राधिकांना एकदा विचारलं, ते तीन आठवडे नसते गेले तर?

"पता नहीं," डॉक्टर म्हणाल्या. "शायद इतना ही रहता. शायद नहीं. ये कोई नहीं बता सकता."

बोंद्रे सात महिने घरी बसले. मग डॉक्टर राधिकांच्या ओळखीनं एका सरकारी रुग्णालयाच्या लॅबमध्ये लागले. तिथं पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवर एक कागद चिकटवला, किडनीच्या काचेत दहापेक्षा कमी ग्लोमेरुलस असतील तर रिपोर्टवर आकडा लिहा, ब्लॉक खोल कापा, आणि तरीही कमी असतील तर 'अपुरा नमुना' लिहा. काही डॉक्टर चिडले. एकानं कागद फाडला. बोंद्र्यांनी दुसरा चिकटवला.

चौब्यांची लॅब आता तीन मजली आहे, दारात काचेचा दरवाजा आणि कुंड्या. बोंद्र्यांनी लेखी तक्रार केली होती. चौकशी झाली, चौब्यांनी सांगितलं की तंत्रज्ञाकडून ब्लॉक चुकीचा बसला, आणि बोंद्र्यांनी तक्रारीत स्वतःच तसं लिहून दिलं होतं, त्यामुळं प्रकरण मिटलं. समता कॉलोनीतून जाताना बोंद्रे अजूनही पलीकडच्या बाजूनं जातात. मी एकदा विचारलं, एवढं काय, आता गेलं ते.

"गेलं कुठं," ते म्हणाले. "गुढियारीची ती बाई हप्त्यातून दोन दिवस डायलिसिसले येते आमच्याच हॉस्पिटलात. मी तिले दर वेळी नमस्ते करतो. ती मले ओळखत नाही."